डब्यात कायम तीन हजार: शाळेच्या ऑफिसातली इम्प्रेस्ट पद्धत

शाळेच्या ऑफिसातलं कपाट उघडलं, किरकोळ खर्चाचा पत्र्याचा डबा बाहेर काढला आणि पैसे मोजले. आत ७२६ रुपये निघाले. हिशेब बरोबर आहे की चुकलाय?

बऱ्याच शाळांत या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येत नाही. मागच्या वेळी डब्यात किती टाकले होते, मधे फीचे सुटे त्यातच ठेवले होते का, क्रीडाशिक्षकांनी पाचशे नेले होते ते परत आले का, असं एकेक आठवत मागे जावं लागतं. इम्प्रेस्ट पद्धतीत मात्र उत्तर पाच-दहा मिनिटांत मिळतं, आणि तेही डबा ज्याच्या ताब्यात नाही अशा माणसाला. त्याला फक्त एक आकडा माहीत असावा लागतो: या डब्याची ठरलेली रक्कम ३,००० रुपये आहे.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत हिला अग्रधन पद्धत म्हणतात. ऑफिसात सगळे इम्प्रेस्टच म्हणतात. या शब्दाचं मूळ ‘उसने देणे’ या अर्थाच्या जुन्या युरोपीय क्रियापदात आहे, आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण डब्यातले पैसे लिपिकाला खर्चायला ‘दिलेले’ नसतात, सांभाळायला सोपवलेले असतात. ते कधीही पूर्ण परत मागता येतात, मग ते नोटांच्या रूपात असोत की खर्चाच्या व्हाउचरांच्या.

मुद्दा भरपाईच्या रकमेत आहे

पद्धत थोडक्यात अशी. सुरुवातीला बँकेतून एकदाच ३,००० रुपये काढून डब्यात ठेवायचे. त्यातून किरकोळ खर्च करायचा आणि प्रत्येक खर्चाचं व्हाउचर त्याच डब्यात टाकायचं. पंधरा दिवसांनी व्हाउचरांची बेरीज करायची, आणि जेवढी बेरीज होईल नेमक्या तेवढ्याच रकमेचा चेक काढून डबा पुन्हा ३,००० वर आणायचा. व्हाउचरं डब्यातून निघून फाइलला जातात, त्यांच्या जागी तेवढे पैसे येतात.

आता नेहमीची पद्धत शेजारी ठेवून पाहू. ‘दर महिन्याला क्लार्ककडे तीन हजार द्यायचे’ असा अनेक संस्थांचा रिवाज असतो. समजा जुलैत २,३०० खर्च झाले आणि ७०० उरले. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा ३,००० दिले, की डब्यात ३,७०० झाले. सप्टेंबरात किती असायला हवेत ते कुणालाच पटकन सांगता येणार नाही. सुरुवातीपासूनची सगळी बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय अपेक्षित आकडाच हाती येत नाही, आणि अपेक्षित आकडा नसला की मोजणीला अर्थ राहत नाही. शिवाय हातात जास्त पैसे साठले की ‘आहेतच तर घेऊन टाकू’ सुरू होतं. त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही.

इम्प्रेस्टमध्ये तो अपेक्षित आकडा कधीच बदलत नाही. महिन्याच्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी रोख अधिक व्हाउचरं बरोबर ३,००० झालीच पाहिजेत. शिपाईमामांना झाडू आणायला दोनशे दिले असतील आणि ते अजून बाजारातून आले नसतील, तर त्यांच्या सहीची उचल-चिठ्ठी डब्यात असते आणि तीही बेरजेत धरायची:

```
रोख + व्हाउचरं + न मिटलेल्या उचल-चिठ्ठ्या = ३,०००
```

या एका ओळीवर सगळं नियंत्रण उभं आहे. व्हाउचर नसेल तर भरपाई नाही, आणि भरपाई नाही तर डबा तेवढ्याने कायमचा रिकामा. म्हणजे बिल हरवलं तर त्याची झळ पहिल्यांदा डबा सांभाळणाऱ्यालाच बसते. त्यामुळे बिलं मागायला वेगळं परिपत्रक काढावं लागत नाही.

तीन हजारच का?

रक्कम अंदाजाने ठरवू नका. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि त्यातून पाचशेपर्यंतचीच वेगळी करा. समजा त्यांची बेरीज १३,२०० आली. तीन महिने म्हणजे १३ आठवडे, म्हणजे आठवड्याला साधारण एक हजार. भरपाई पंधरा दिवसांनी करायची तर दोन हजार लागतील. पण चेकवर मुख्याध्यापकांबरोबर संस्थेच्या सचिवांचीही सही लागत असेल आणि सचिव दुसऱ्या गावी राहत असतील, तर चेक हातात यायला आठवडाही जातो. तोवर शाळा थांबत नाही. म्हणून तो आणखी एक आठवडा धरायचा. झाले तीन हजार.

याच हिशेबातून भरपाई कधी मागायची तेही ठरतं. चेक यायला आठवडा लागतो आणि आठवड्याचा खर्च हजार आहे, म्हणून डब्यातली रोख हजाराखाली गेली की भरपाईचा कागद करायला घ्यायचा. महिन्याची १५ तारीख आणि शेवटचा कामाचा दिवस हे ठरलेले दिवस तर आहेतच. जे आधी येईल ते. डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबण्याची सवय वाईट, कारण रिकाम्या डब्याच्या शेजारच्याच खणात फीचे पैसे असतात.

रक्कम फार कमी ठेवली तर लोक पदरचे पैसे घालतात, आणि महिन्याच्या शेवटी चुरगळलेली बिलं घेऊन ऑफिसच्या दारात उभे राहतात. फार जास्त ठेवली तर जी खरेदी कोटेशन मागवून चेकने व्हायला हवी ती गुपचूप डब्यातून होते. म्हणून एकूण रकमेबरोबर एका खर्चाची मर्यादाही ठरवून लिहून ठेवायची. इथे ती पाचशे धरू. त्यावरचं काहीही चेकने किंवा थेट बँकेतून.

डब्यातला कागद

छापील व्हाउचर बुक मिळतं, पण अनुक्रमांक छापलेलंच घ्या. सुटे कागद चालत नाहीत. मधलं एखादं गायब झालं तर कळणार कसं? प्रत्येक व्हाउचरवर तारीख, कुणाला दिले, कशासाठी, खर्चाचं शीर्षक, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, पैसे घेणाऱ्याची सही आणि मंजुरीची सही. दुकानाचं बिल मागे टाचायचं. रक्कम अक्षरात लिहिण्याचा कंटाळा करू नका; १४० चे ७४० करायला पेनाचा एक फटकारा पुरतो.

रिक्षा, हमाली, टपरीवरचा चहा यांचं बिल मिळत नाही. तिथे व्हाउचर हाच पुरावा, म्हणून त्यात तपशील जास्त हवा. ‘प्रवास खर्च ८०’ एवढं लिहून भागणार नाही. ‘गटशिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती-तक्ते पोचवणे, एसटी जाऊन-येऊन’ असं लिहिलं की वर्षभराने ऑडिटर विचारील तेव्हाही उत्तर कागदावरच असतं.

दोन गोष्टी हल्ली नव्याने त्रास देतात. पहिली, दुकानातल्या मशीनवरच्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या. त्यांची शाई काही महिन्यांत उडते आणि ऑडिटच्या वेळी फाइलमध्ये कोरा कागद टाचलेला सापडतो. अशा पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढून दोन्ही एकत्र टाचा. दुसरी, यूपीआय. लिपिक स्वतःच्या मोबाइलवरून दुकानदाराला ९४ रुपये पाठवतो आणि डब्यातून ९४ उचलतो. यात गैर काही नाही, पण स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले एवढंच तो सांगतो, कशासाठी गेले ते सांगत नाही. म्हणून बिल हवंच, व्हाउचरवर व्यवहार क्रमांक हवा, आणि डब्यातून पैसे त्याच दिवशी घ्यायचे. ‘नंतर एकदम घेतो’ म्हटलं की आठवड्याभरात तेच पैसे दोनदा घेतले जातात किंवा घ्यायचेच राहतात.

डब्याची किल्ली एकाकडेच. तो रजेवर गेला तर दुसऱ्याच्या समोर मोजून, आकडा लिहून, दोघांच्या सह्या करून मगच किल्ली द्यायची. आणि जो पैसे देतो त्यानेच खर्च मंजूर करायचा नाही. लहान शाळेत एकच लिपिक असतो, तिथे मंजुरीची सही मुख्याध्यापकांची. पर्यवेक्षक असतील तर त्यांना हा अधिकार लेखी द्यावा, नाहीतर मुख्याध्यापक बैठकीला गेले की व्हाउचरं बिनसहीची साठत जातात.

एका पंधरवड्याचा हिशेब

१ जुलैला डब्यात पूर्ण ३,००० आहेत. १५ जुलैपर्यंतचं किरकोळ रोकड पुस्तक असं दिसतं:

| व्हा. क्र. | तारीख | तपशील | रुपये |
|---|---|---|---|
| ४१ | ३ जुलै | स्पीड पोस्ट, २ पाकिटं | ९४ |
| ४२ | ३ जुलै | फिनेलचा कॅन, २ खराटे | ४१० |
| ४३ | ५ जुलै | एसटी भाडं, गटशिक्षणाधिकारी कार्यालय | ८० |
| ४४ | ७ जुलै | घटक चाचणीच्या झेरॉक्स | ३१० |
| ४५ | ८ जुलै | नळाची तोटी व प्लंबरची मजुरी | ३५० |
| ४६ | ९ जुलै | प्रथमोपचार पेटीचं सामान | २६५ |
| ४७ | १० जुलै | पालक-शिक्षक संघ सभा, चहा-बिस्किटं | ४२० |
| ४८ | १२ जुलै | दाखल्यांच्या झेरॉक्स | १४५ |
| ४९ | १४ जुलै | प्रयोगशाळेचं कुलूप | १८० |
| | | एकूण | २,२५४ |

पुस्तकाप्रमाणे डब्यात ७४६ हवेत. १५ तारखेला मुख्याध्यापकांसमोर मोजणी होते: पाचशेची १, शंभरची १, पन्नासची १, विसाच्या २, दहाच्या ३ आणि सुटी नाणी ६ रुपये. झाले ७२६. वीस रुपये कमी.

पुढचं पाऊल बहुतेक ठिकाणी चुकतं. लिपिक खिशातून वीसची नोट काढून डब्यात टाकतो आणि विषय मिटवतो. रक्कम क्षुल्लक, त्याची दानतही चांगली. पण पुस्तकात चूक तशीच राहिली आणि पुढच्या वेळी वीस रुपये जास्त निघाले तर तो ते खिशात टाकणार हेही ओघानेच आलं. डबा आणि खिसा यांच्यात दोन्हीकडून येणं-जाणं बंद हवं.

दुसरी चूक अशी की २,२५४ चा चेक काढायचा आणि पुढे जायचं. मग डब्यात ७२६ अधिक २,२५४, म्हणजे २,९८० झाले. ठरलेली रक्कम कागदावर तीन हजार आणि प्रत्यक्षात वीसने कमी. असं चार-पाच वेळा झालं की ‘आमच्या डब्यात साधारण २,९०० असतात’ असं कुणीतरी सहज बोलून जातं. ते ‘साधारण’ आलं की पद्धत संपली.

करायचं ते असं: चेकचा कागद बाजूला ठेवायचा आणि आधी फरक शोधायचा. क्रम सोपा. बेरीज पुन्हा करा. मग व्हाउचरांचे क्रमांक लागोपाठ आहेत का बघा. मग प्रत्येक व्हाउचरची रक्कम मागच्या बिलाशी ताडून पाहा. शेवटी उचल-चिठ्ठी राहिली का ते शोधा. फरकाच्या आकड्याकडे थोडं निरखून पाहिलं तर तोही काही सांगतो. फरकाला नऊने भाग जात असेल, उदाहरणार्थ २७ किंवा ५४, तर बहुधा दोन अंक उलटे लिहिले गेलेत, ४७ चे ७४ झालेत. शंभर किंवा पाचशेचा गोल फरक असेल तर उचल लिहायची राहिली असण्याची शक्यता जास्त.

इथे व्हाउचर ४७ वर ४२० लिहिलंय, पण मागच्या बिलावर ४४०. दुकानदाराने बिस्किटांचा एक पुडा शेवटी वाढवला, बिल पुन्हा लिहिलं. व्हाउचरवर मात्र आधी ऐकलेला आकडा राहिला. व्हाउचरवर खाडाखोड न करता ४२० वर एक आडवी रेघ मारायची, शेजारी ४४० लिहायचे, मुख्याध्यापकांची छोटी सही घ्यायची. पुस्तकातही तसंच. व्हाइटनर नाही. आता व्हाउचरं २,२७४ आणि रोख ७२६, बेरीज ३,०००. चेक २,२७४ चा.

फरक सापडलाच नसता तर? तरीही चेक २,२७४ चाच, पण त्यातले २० ‘रोख तूट’ या शीर्षकाखाली, मुख्याध्यापकांच्या शेऱ्यासह. ते लिपिकाकडून भरून घ्यायचे की शाळेने सोसायचे हे संस्थेने आधीच ठरवून ठेवावं. तूट लपवण्यापेक्षा ती नावानिशी पुस्तकात दिसणं बरं. वर्षात एकदा वीस रुपये दिसले तर कुणी काही म्हणत नाही; दर पंधरवड्याला दिसले तर विचारता येतं.

कीर्दीत काय जातं

गंमत म्हणजे पहिल्या दिवशी ‘किरकोळ रोकड’ खात्यावर ३,००० नावे आणि बँक जमा ही नोंद झाली, की त्या खात्याला पुन्हा हात लावायचा नसतो. भरपाईच्या दिवशी खर्च थेट आपापल्या शीर्षकांवर जातो:

```
टपाल खर्च               नावे     ९४
झेरॉक्स व छपाई          नावे    ४५५
स्वच्छता                नावे    ४१०
प्रवास                  नावे     ८०
किरकोळ दुरुस्ती         नावे    ५३०
प्रथमोपचार              नावे    २६५
सभा खर्च                नावे    ४४०
      बँक               जमा  २,२७४
```

खतावणीत किरकोळ रोकड खातं वर्षभर ३,००० वर स्थिर दिसतं. ते ३,६५० किंवा २,२०० दिसत असेल, तर कुणीतरी भरपाईची रक्कम खर्चावर न टाकता डब्याच्या खात्यावर टाकली आहे किंवा गोल आकड्याचा चेक काढला आहे. नवा लिपिक आला की पहिल्या महिन्यात हमखास होणारी ही चूक आहे. अधिकृतपणे रक्कम वाढवली किंवा कमी केली तरच त्या खात्यावर नवी नोंद.

चेक निघाला की नऊही व्हाउचरांवर आणि मागच्या प्रत्येक बिलावर ‘रक्कम अदा’ असा शिक्का मारून चेकचा क्रमांक लिहायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण किरकोळ रोकडीतली जुनी युक्ती यानेच अडते: एकदा भरपाई झालेलं बिल काढून दोन महिन्यांनी नव्या व्हाउचरला टाचायचं. शिक्का फक्त व्हाउचरवर मारला आणि बिल कोरं राहिलं, तर ती वाट उघडीच. शिक्का बिलाच्या रकमेवर अर्धा येईल असा मारा, म्हणजे कोपरा फाडूनही उपयोग नाही.

कुठे पोखरतं

फीचे सुटे पैसे डब्यात टाकणं हा सर्वांत साधा आणि सर्वांत महाग पडणारा प्रकार. दाखल्याचे वीस रुपये आले, डब्यात टाकले, मग त्यातूनच झेरॉक्सचे दिले. आता डब्याची बेरीज तीन हजार जमत नाही, आणि पावतीपुस्तकाची बेरीज बँकेच्या भरणा-स्लिपशी जुळत नाही. एका आळसाने दोन हिशेब बिघडतात. आलेली रक्कम सगळीच्या सगळी बँकेत, आणि खर्च फक्त डब्यातून किंवा चेकने. सुट्यांची अडचण असेल तर डब्यातून नोट बदलून घ्यावी. त्याने बेरीज बिघडत नाही.

दुसरा प्रकार उसनवारीचा. ‘पगार झाला की देतो’ म्हणून ठेवलेली पाचशेची चिठ्ठी. वरच्या ओळीत उचल-चिठ्ठीला जागा आहे, म्हणून बेरीज बरोबर जमते आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून चिठ्ठीला मुदत हवी: शाळेच्या खरेदीसाठीच, आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मिटलेली. भरपाईच्या दिवशी डब्यात एकही चिठ्ठी असता कामा नये.

तिसरा, तुकडे पाडणं. प्रिंटरची शाई ९०० ची आणि मर्यादा पाचशेची, मग ४५० ची दोन बिलं. ओळखायला सोपं: तेच दुकान, तीच तारीख किंवा लागून पुढची, आणि बिलांचे क्रमांक लागोपाठचे. अशा वेळी लिपिकाला झापण्याआधी एक विचारावं. चेक निघायला किती दिवस लागतात? पंधरा लागत असतील आणि वर्गात प्रश्नपत्रिका थांबल्या असतील, तर त्याने मधली वाट काढणारच. दुरुस्ती चेकच्या बाजूला करायला हवी.

आणि एक, जरा अवघड जागेचं. मोजणी ठरलेल्या दिवशीच होत असेल तर १४ तारखेच्या संध्याकाळी डबा नेहमी नीट असतो. म्हणून महिन्यातून एकदा, कधीही, मधल्या सुट्टीतसुद्धा मुख्याध्यापकांनी डबा मागवावा. नोटांच्या प्रकारानुसार आकडे पुस्तकात लिहून तारीख-वेळेसह दोघांनी सही करावी. यात अविश्वास नाही. उलट, प्रामाणिक लिपिकाकडे पुढे कुणी बोट दाखवलं तर याच सह्या त्याच्या कामी येतात. मोजताना तो समोर असलाच पाहिजे. त्याच्या माघारी डबा उघडून मोजला तर निघालेली तूट कुणाची हे कधीच ठरत नाही.

भरपाईच्या तारखा वाचायला शिका

लहान खर्च आटोक्यात राहतो तो खरं तर इथे. भरपाईचा प्रत्येक कागद म्हणजे एक थांबा आहे, जिथे सही करणारा माणूस पंधरा दिवसांची बिलं हातात धरून पाहतो. जुलैत दोनदा भरपाई झाली, ऑगस्टात तीनदा आणि सप्टेंबरात चारदा, तर वर्षअखेरीची वाट पाहायला नको. डब्यातून पैसे वेगाने जाऊ लागलेत हे तारखाच सांगतात. अशा वेळी लिपिक साहजिकच म्हणतो, ‘सर, रक्कम पाच हजार करू या.’ करायची असेल तर करावी, पण शीर्षकांचे रकाने पाहिल्यावर.

वरच्याच उदाहरणात झेरॉक्सचे ४५५ आहेत. हे दर पंधरवड्याला होत असेल तर महिन्याला नऊशेच्या वर गेले, म्हणजे डब्यातल्या साडेचार हजारांच्या उलाढालीतला जवळजवळ पाचवा भाग. हा खर्च किरकोळ नाही आणि अनपेक्षितही नाही. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे शाळेची वही ठेवायची, महिन्याचं एकच बिल घ्यायचं आणि त्याला थेट बँकेतून पैसे द्यायचे. डब्यावरचा भार तेवढा उतरतो, दरही थोडा खाली येतो आणि तीन हजार पुन्हा पुरू लागतात. फिनेल-खराट्यांचंही तसंच, तिमाहीचा माल एकदम चेकने घेता येतो. डब्यात उरावं ते टपाल, एसटी, नळाची तोटी, बँडेज, कुलूप: जे आधी सांगून येत नाही ते.

स्नेहसंमेलन, सहल, क्रीडास्पर्धा हे मात्र या डब्यात आणूच नयेत. चार दिवसांत पंधरा हजार फिरतात आणि नेहमीच्या खर्चाचा माग त्यात बुडून जातो. त्यासाठी जबाबदार शिक्षकाच्या नावे वेगळी उचल द्यावी, कार्यक्रमानंतर आठवड्याभरात बिलं आणि उरलेले पैसे परत घेऊन ती मिटवावी.

मार्चअखेर एक काम न चुकता करायचं. डब्यात पडून असलेली व्हाउचरं अजून कुठल्याही खर्चखात्यावर गेलेली नसतात. २० मार्चच्या भरपाईनंतर ३१ तारखेपर्यंत ८६० रुपये खर्च झाले आणि पुढची भरपाई ५ एप्रिलला झाली, तर ते ८६० नव्या वर्षात जातील आणि ताळेबंदात ३,००० रोख दिसेल, प्रत्यक्षात मात्र २,१४०. म्हणून ३१ मार्चला, अकराच दिवस झाले असले तरी, भरपाई करून टाकायची. काही संस्था त्या दिवशी उरलेली रोख बँकेत भरून डबा शून्यावर आणतात आणि एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी पुन्हा ३,००० काढतात. तेही चालतं, फक्त भरणा-स्लिपवरचा आकडा २,१४० हवा आणि ८६० ची व्हाउचरं त्याच दिवशी आपापल्या शीर्षकांवर चढलेली हवीत.